दगडाबाई बन्सी बोरुडे, मयत

एका जिवंत बाईला मी टाईप करून मारलं. फाँट मंगल, साईज चौदा. मजकुराखाली 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी व बरोबर आहे' असं लिहिलं, त्याखाली झोकात सही केली आणि सहीवर शिक्काही मारला : 'ओम झेरॉक्स अँड ऑनलाईन, घोडेगाव'. शिक्क्याची गरज नव्हती. पण आमच्याकडं शिक्क्याशिवाय कागदाला कागद कोण म्हणतं?

ज्यांच्यासाठी मारलं ते मच्छिंद्र बोरुडे. माझे मच्छूतात्या. गावच्या नात्यानं तात्या, पण सख्ख्या काकापेक्षा जवळचे. त्यांनी मला पोहायला शिकवलं, म्हणजे विहिरीत ढकलून दिलं आणि वरून 'हातपाय हलव रं' असं ओरडत बसले. बारावीला मी गचकलो तेव्हा आमच्या बापाच्या हातातली काठी त्यांनीच धरली. बँकेच्या समोरचा हा गाळा मला मिळाला तोही त्यांच्या शब्दावर. असा माणूस कागद घेऊन आला तर तो कागद वाचायचा नसतो, फक्त छापायचा असतो, असं माझं तेव्हाचं मत होतं.

तात्यांचे वडील बन्सीनाना पावसाळ्याच्या सुरुवातीला वारले. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केलेला माणूस. बोलणंही मोजूनमापून. त्यांची बँकेत चार लाखांची मुदत ठेव होती आणि एक लॉकर होता. लॉकरात छबूनानींची, म्हणजे तात्यांच्या आईची, बोरमाळ आहे हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. नानी सहा वर्षांपूर्वी गेल्या तेव्हापासून ती कुणाच्या गळ्यात दिसली नव्हती.

तात्यांनी बँकेनं दिलेली यादी माझ्या काउंटरवर ठेवली. "वाच रं मोठ्यानं. तुझं शिक्षान वाया नको जाया."

मी वाचली. मृत्यूचा दाखला. ठेवीची मूळ पावती. मागणी अर्ज. वारसांचं आधार आणि पॅन. नुकसानभरपाईचं हमीपत्र. जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांचं ना हरकतपत्र. आणि कुटुंबाला चांगलं ओळखणाऱ्या, पण नात्यातल्या नसलेल्या आणि या पैशात काही हितसंबंध नसलेल्या माणसाचं निवेदन : मयताचे वारस कोण कोण आहेत याबद्दल.

"हे शेवटचं कशाला?" तात्यांनी विचारलं.

"ठेवीला नॉमिनी लावलेला नाही तुमच्या नानांनी. म्हणून वारस शोधावे लागतात."

"म्हंजी आमाला वळखनारा, पन आमचा नसनारा मानूस पायजे. असा तर तूच हायेस की!"

माझी छाती दोन इंच फुगली. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात बँकेला माझी साक्ष लागण्याची ही पहिलीच वेळ. तात्या सांगत गेले, मी बडवत गेलो. पत्नी छबूबाई, मयत. मुलगा मच्छिंद्र. मुलगी दगडाबाई, लहानपणी मयत. मुलगी चांगुणा, हिने हक्कसोड करून दिलेले असल्याने तिचा संबंध नाही. सबब मच्छिंद्र हेच एकमेव कायदेशीर वारस.

"तात्या, ही दगडाबाई कोण?"

"हुती एक. माझ्या आधीची." तात्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "गेली."

मला वाईट वाटलं. त्या काळी घरटी एखादं लेकरू जायचंच. मी हळुवारपणे कंस उघडला, 'मयत' लिहिलं, कंस बंद केला. पुरावा म्हणून तात्यांनी आणलेल्या हक्कसोडपत्राची आणि रेशनकार्डाची झेरॉक्स जोडली. कार्डात नाना, तात्या, काकू आणि त्यांची मुलं एवढेच होते. लग्न झालेल्या लेकींची नावं रेशनकार्डातून कमी होतात हे मी रोज दहा जणांना समजावून सांगतो. त्या दिवशी स्वतःला सांगायचं राहिलं.

चांगुणाआत्यांना मात्र मी चांगला ओळखत होतो. तात्यांची थोरली बहीण, दिली सोनईच्या भागवत निमसेंना. घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात बैलांच्या दावणीपासून जरा बाजूला, लिंबाखाली, त्या पाल टाकून बसायच्या. म्होरक्या, कासरे, वेसणी, घुंगरमाळा, कपाळावरचे गोंडे. कासरे स्वतः वळलेले. गिऱ्हाईकानं दर पाडून मागितला की आत्या कासरा त्याच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "वढ. तुटला तर फुकट घेऊन जा." अजून कुणी फुकट नेलेला नाही. एकदा एका पुण्याच्या पाहुण्यानं घुंगरमाळ विकत घेतली. दाराला लावायची म्हणाला. आत्यांनी शांतपणे विचारलं, "आन मंग बैलाला काय, बेल लावता का?"

दुपारी बाजार ओसरला की त्या भावाच्या घरी जायच्या. जाताना नातवंडांना गुडदाणी, नानांना पानाची पुडी. नाना आजारी पडल्यावर बाजार नसतानाही यायच्या. शेवटचे दोन महिने नानांचं अंथरूण-पांघरूण, न्हाणं-धुणं त्यांनीच केलं. तात्यांची बायको पाठदुखीनं हैराण, तात्या कामानं. नाना त्यांना हाक कोणत्या नावानं मारायचे ते मी कधी ऐकलं नव्हतं. नाना हाकच मारत नसत, खाकरायचे. आत्या यायच्या.

निवेदन देऊन तीनएक आठवडे झाले असतील. बँकेतून शिपाई आला. "मॅडमनी बोलावलंय."

मॅडम म्हणजे फरहीन मॅडम. श्रीरामपूरच्या. रोज गाडीवर येतात-जातात. आवाज कधी चढत नाही, त्यामुळे जास्त भीती वाटते. त्यांच्यापुढं माझंच निवेदन पडलेलं होतं. माझा शिक्का लांबूनही ठळक दिसत होता.

"बसा. ओम तुम्हीच ना? घोडेगावचेच?"

"जन्मापासून, मॅडम."

"ही दगडाबाई कधी वारली?"

"लहानपणी."

"कोणाच्या?"

मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत.

"ठेवीला नॉमिनी नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण लॉकरला आहे. लॉकरचं नामांकन वेगळं असतं, ठेवीचं वेगळं. बन्सी बोरुडेंनी लॉकरचं तेवढं केलं, दोन हजार सोळा साली. बहुतेक त्यांना वाटलं असेल, एकात दोन्ही आलं. कॉम्प्युटरवर नुसतं नाव दिसत होतं, दगडाबाई. मच्छिंद्ररावांना विचारलं तर म्हणाले, बहीण होती, लहानपणी वारली. मी म्हटलं, मग दाखला आणा. ते म्हणाले, पन्नास वर्षांपूर्वीचा कुठून आणू, निवेदनात आहे की. मग मी मूळ फॉर्म काढायला लावला." त्यांनी फाईल माझ्याकडं वळवली नाही, स्वतःच वाचलं. "नॉमिनी दगडाबाई. नातं मुलगी. वय सेहेचाळीस."

मी मान लांब करून फाईलकडं पाहिलं.

"मेलेल्या मुलीचं वय वाढत नाही, ओम."

मी माझ्याच शिक्क्याकडं बघू लागलो.

"फॉर्मवर पत्ता होता. आम्ही पत्र पाठवलं. परत आलं, या नावाची व्यक्ती गावात नाही. सोनईचा पत्ता आहे. द्वारा भागवत निमसे. ओळखता?"

कुठलीतरी जड वस्तू डोक्यावर पडावी तसं झालं. आमच्याकडं सासरी नाव बदलतात, हे मला काल-परवा कळलेलं नाही. माझ्या आईचंही बदललंय. माहेरची शशिकला, इथं मंदा. दगडाबाई नावाची सून कोण नांदवणार? लेकरू जगावं म्हणून आईबापानं दगड नाव ठेवलं आणि ते जगलं, की सासरच्यांनी ते बदलून चांगुणा केलं. दगडाबाई वारली नव्हती. ती दर शुक्रवारी लिंबाखाली कासरे विकत होती. आणि मी तिला एकाच कागदावर दोनदा खोडलं होतं : एकदा मेली म्हणून आणि एकदा हक्क सोडला म्हणून.

"ती... मॅडम, त्याच चांगुणाआत्या."

"मलाही तसंच वाटलं. हक्कसोडपत्र पाहिलं मी. गट नंबर दिलाय, क्षेत्र दिलंय. ते जमिनीचं आहे, त्यात बँकेचा शब्द नाही. लग्न झालेली मुलगीही वारसच असते, मुलाइतकीच. खोट्या निवेदनाचा अर्थ कळतो ना तुम्हाला? यावर अजून पैसे दिलेले नाहीत, म्हणून बोलावलं. लेखी मागं घ्या. आणि त्या बाईंना सांगा, नॉमिनी जिवंत असेल तर तिनं यावं."

मी तिथंच एका कोऱ्या कागदावर निवेदन मागं घेतलं. शिक्का मारला नाही.

तिथून थेट तात्यांच्या घरी. ते ओसरीवर दाढी करत होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील, नाहीतर 'चूक झाली रं' म्हणतील. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. तात्यांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि गालावरून वस्तरा शांतपणे ओढला.

"मंग खोटं काय त्यात? दगडी मेलीच की. लगीन झालं त्याच दिशी. नाव गेलं, आडनाव गेलं, रेशनकार्डातून गेली. आता हाय ती चांगुणा, निमश्यांची सून."

"तात्या, दोन महिने नानांचं हागणं-मुतणं काढलं त्यांनी."

"लेकीचं कामच हाय ते. त्येचं काय बिल लावायचं का?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "आरं, तिला काय कमी हाय? जमिनीच्या येळंला सही केली का न्हाई राजीखुशीनं? तेव्हा म्हणली, मच्छू, मला माहेर पायजे, जमीन नको. आता माहेर हाय की तिला. कवा न्हाई म्हणलं? तू आपला कागद परत दे. म्हाताऱ्यानं नाव चुकून घातलंय म्हन."

मी नाही म्हणालो. माझ्या आवाजात विशेष दम नव्हता, पण म्हणालो.

"विहिरीतून काढायला मी हुतो," तात्या म्हणाले, "आन आता मलाच ढकलतोस व्हय." त्यांनी तोंडाला पाणी लावलं आणि घरात गेले. त्यांनी मला विहिरीतून कधीच काढलं नव्हतं. मी स्वतःच निघालो होतो. पण ते सांगायला दार उघडं नव्हतं.

शुक्रवारी बाजारात गेलो. आत्या एका शेतकऱ्याला म्होरकी बांधून दाखवत होत्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी घुंगरमाळा हलवत उभा राहिलो.

"काय रं ओम्या, बैल घेतला का काय? का तुलाच म्होरकी लागती?"

"आत्या, तुमचं माहेरचं नाव दगडाबाई होतं का?"

त्यांचा हात थांबला. मग हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. "आगाई! कुनी सांगितलं तुला? नानाच्याबिगर त्या नावानं हाक मारनारं कुनी उरलं न्हाई. नाना शेवटपतूर दगडूच म्हनायचा. मानसं असली का नुसता खाकरायचा, सुनंला ऐकू जाऊ नये म्हनून."

मी कागद काढला. मागं घेतला होता, पण एक झेरॉक्स माझ्याकडं होती. झेरॉक्सवाल्याकडं सगळ्याची झेरॉक्स असते. वाचून दाखवणार होतो, पण त्यांनी हातातून घेतला. चौथीपर्यंत शिकलेल्या. बोट ठेवून एक-एक शब्द वाचत गेल्या. बोट कंसावर आलं आणि तिथंच राहिलं.

"मयत," त्या म्हणाल्या. पुन्हा वाचलं. "म्हंजी मेली. कवा?"

मी घुंगरमाळा सारख्या करू लागलो.

"लिवलं कुनी?"

"तात्यांनी सांगितलं."

"आरं, लिवलं कुनी म्हनते मी."

"मी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी कागदाची नीट घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि समोर आलेल्या गिऱ्हाईकाला कासरा दिला. "वढ," म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. मी तिथून निघालो तेव्हा मागून त्यांनी एवढंच विचारलं, "मच्छू म्हणला का रं असं? तोंडानं?"

"हो."

"बरं."

दुसऱ्या सोमवारी भागवतभाऊ आणि आत्या माझ्या दुकानात आले. भागवतभाऊ बोलत नाहीत, मान हलवतात. आत्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "काय कागद लागत्यात ते सांग. मारलंस तूच, आता उठव बी तूच."

मी बँकेतून समजून घेतलं होतं. लॉकरसाठी नॉमिनीला फार काही लागत नाही : मागणी अर्ज, मृत्यूचा दाखला, स्वतःचं ओळखपत्र. गोची इथंच होती. नॉमिनी दगडाबाई बन्सी बोरुडे, आधार चांगुणा भागवत निमसे. एकच अक्षर जुळत नव्हतं, असं नव्हे. एकही अक्षर जुळत नव्हतं.

मग आम्ही दगडाबाईचा माग काढायला निघालो. गावच्या जिल्हा परिषद शाळेत जुनं जनरल रजिस्टर होतं. रुपालीबाई तिथल्या मुख्याध्यापिका. त्यांनी कपाटातून ते काढलं तेव्हा वाळवीनं खाल्लेल्या कडा टेबलभर सांडल्या. पान सापडलं : 'दगडाबाई बन्सी बोरुडे, जन्म १ जून १९७०. चौथी पास. शाळा सोडण्याचं कारण, घरकाम.' एक जूनला आमचा अर्धा तालुका जन्मलेला आहे, त्यामुळं त्याचं कुणाला नवल नाही. रुपालीबाईंनी उतारा करून दिला. आत्यांनी तो हातात घेतला आणि उगाचच पुसला, कोरा असूनही.

पण शाळेतली दगडाबाई म्हणजेच सोनईची चांगुणा, हे सांगणारा दुवा हवा होता. तो भागवतभाऊंनी दिला. तिसऱ्या खेपेला ते एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले, त्यात घडीघडीवर फाटलेली लग्नपत्रिका. अठ्ठ्याऐंशी सालची. चि. भागवत आणि चि. सौ. कां. दगडाबाई, बन्सी किसन बोरुडे यांची कन्या.

"ह्यांनी ठिवलीया व्हय!" आत्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. सदतीस वर्षांत त्यांना ते माहीत नव्हतं. भागवतभाऊंनी मान हलवली.

शाळेचा उतारा, पत्रिका, आधार आणि सोनईच्या ग्रामपंचायतीचा दाखला जोडून नेवाशाला नोटरीपुढं प्रतिज्ञापत्र केलं : दगडाबाई बन्सी बोरुडे आणि चांगुणा भागवत निमसे ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, म्हणजे माझी स्वतःची आहेत. आत्यांनी सही केली. आधी चांगुणा, मग त्याखाली दगडाबाई. दुसरी सही करायला त्यांना वेळ लागला. 'ड'चं पोट त्या विसरल्या होत्या.

फरहीन मॅडमनी एक-एक कागद ताडून पाहिला. जन्मसाल, वडिलांचं नाव, पत्ता, नवऱ्याचं नाव. मूळ कागदाशी झेरॉक्स. "चालेल," म्हणाल्या. "आता किल्ली."

लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक ज्याचा लॉकर त्याची. नानांची किल्ली तात्यांकडं होती. तात्यांनी निरोप पाठवला : आक्कानं ठेवीच्या ना हरकतपत्रावर सही करावी, किल्ली मिळंल. निरोप घेऊन मीच गेलो होतो. पोस्टमनची कामं मला त्या दिवसांत फार मिळाली.

"त्येला सांग," आत्या म्हणाल्या, "किल्ली न्हाई दिली तर बँक कुलूप फोडती, मॅडमला इचारलंय मी. फोडायचा खर्च मी भरते. पन मेलेलं मानूस सही करत नसतं."

हा निरोप मी शब्दशः पोचवला. जरा मिठासकट पोचवला असेल.

तात्या स्वतःच किल्ली घेऊन आले, ठरल्या दिवशी अकरा वाजता. इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळाला गंध. बँकेच्या दारात चारचौघं होती. तात्यांनी समोरच्या टपरीवरच्या अमजदला मोठ्यांदा हाक दिली. "अमजदभाई, सहा स्पेशल पाठव आत! आक्का आलीय आमची!" जणू बारशाला जमलो होतो.

लॉकर उघडताना नॉमिनी, बँकेचा अधिकारी आणि दोन त्रयस्थ साक्षीदार लागतात. मी पुढं झालो. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नको. तुमची सही आता आम्हाला परवडत नाही." साक्षीदार म्हणून रुपालीबाई आल्या आणि चहा घेऊन आलेला अमजद सापडला तो थांबला. मी आणि तात्या बाहेरच्या बाकावर. मध्ये चहाचे ग्लास. आम्ही दोघंही ग्लासांकडं बघत होतो.

आतलं मला अमजदनं नंतर सांगितलं. बोरमाळ होती, लाल फडक्यात. ठेवीच्या जुन्या पावत्या होत्या. बाकी काही नाही. मॅडमनी एक-एक वस्तू मांडून यादी केली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. "बाईंनी माळ हातात घेतली, पर गळ्यात नाही घातली," अमजद म्हणाला. "मला वाटलं रडतील. त्यांनी मणी मोजले."

त्या बाहेर आल्या. तात्या उठून उभे राहिले.

"आक्का, मॅडमनी मला बी समजावलंय. नॉमिनी म्हंजी मालक न्हवं. तुझ्या हातात दिलंय ते सगळ्या वारसांसाठी. निम्मी माझी हाय."

"हाय की," आत्या म्हणाल्या. "मी कवा न्हाई म्हणले? सराफाकडं चल, निम्मी तोडून घे."

तात्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. ते भांडणाची तयारी करून आले होते आणि भांडण मिळत नव्हतं. "तसं न्हवं गं..."

"मच्छू, तू नुसतं म्हणला असतास ना, आक्का, मला सगळी पायजे, तर सगळी दिली असती. जमीन न्हाई का दिली? पन इचारायला मानूस जित्तं लागतं. तू मला मारूनच बसलास." त्यांनी कमरेच्या पिशवीतून ती घडी घातलेली झेरॉक्स काढली आणि तात्यांच्या हातात दिली. "ह्ये ठिव. तुझंच हाय."

तात्या कागद उलगडेनात. मीच नजर फिरवली. त्या कागदावर माझा शिक्का होता.

ठेवीचा अर्ज त्याच दिवशी भरला. आता दोन वारस, दोघांची आधार-पॅन, दोघांच्या सह्यांचं हमीपत्र, आणि वारसांबद्दलचं नवं निवेदन रुपालीबाईंचं. त्यांनी ते तीनदा वाचून मग सही केली, आणि दर वेळी वाचताना एकदा माझ्याकडं पाहिलं. मुलगी दगडाबाई ऊर्फ चांगुणा. कंस नव्हता. ना हरकतपत्राची जागा रिकामी राहिली. आत्यांनी अर्जावर 'हिस्सा निम्मा' स्वतः लिहिलं. मॅडम म्हणाल्या, सगळे कागद पुरे आहेत, पंधरा दिवसांत होईल. झालं. दोघांच्या खात्यात.

बोरमाळही नगरच्या सराफाकडं तुटली. तात्यांच्या बायकोनं आपल्या वाटचे मणी घालून मंगळसूत्र मोठं करून घेतलं. आत्यांच्या मण्यांचं काय झालं मला माहीत नाही. गळ्यात अजून दिसले नाहीत.

भाऊबीजेला आत्या आल्या नाहीत. तात्या वाट बघत ओसरीवर बसले होते, असं काकू सांगतात. 'राग आलाय तिला, जाईल निघून' असं तात्या म्हणतात. बाजाराला आत्या दर शुक्रवारी येतात. कासरे विकतात, गिऱ्हाईकांची टर उडवतात. बाजार ओसरला की पाल गुंडाळतात. पूर्वी वेशीतून सरळ भावाच्या आळीत जायच्या. आता हायवेच्या कडेनं वळसा घालून स्टँडवर जातात, डोक्यावर ओझं घेऊन. एकदा मी गाडीवर सोडतो म्हणालो. "नगं," म्हणाल्या, "तू कुठं उतरवशील सांगता येत न्हाई." हसून म्हणाल्या, पण गाडीवर बसल्या नाहीत. तात्या आणि मी एकमेकांशी बोलतो, म्हणजे ऊन किती पडलंय एवढंच बोलतो.

राहता राहिले त्या दिवशीच्या सहा स्पेशल चहांचे पैसे. अमजद मला विचारतो, कारण माझं दुकान त्याच्या टपरीला लागून आहे. मी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "आक्कासाठी मागवलं हुतं, आक्काला मागा." आत्यांना विचारायची हिंमत अमजदनंच केली, एका शुक्रवारी. त्या म्हणाल्या, "मी घोटबी घेतला न्हाई, बाबा." हे खरं आहे. त्यांचा ग्लास साय धरून बाकावरच राहिला होता. अमजद म्हणतो, राहू दे. पण वहीतून खोडत नाही.